आठ प्रश्नांऐवजी एक: मदतकक्षात नव्याने बसणाऱ्यांसाठी

समोरून मेसेज येतो:

«नमस्कार. सकाळपासून लॅपटॉपवर नेट येत नाहीये. काल रात्रीपर्यंत व्यवस्थित होतं. दुपारी ३ वाजता मीटिंग आहे, कृपया लवकर बघा.»

माहिती अपुरी आहे, म्हणून नवा माणूस मनात येईल ते सगळं एकदम विचारतो. लॅपटॉप कोणत्या कंपनीचा? विंडोज कोणतं? राउटर कुठला? रीस्टार्ट केला का? वाय-फाय आहे की केबल? नवीन काही सॉफ्टवेअर टाकलंय का? एरर काय येतोय? मोबाईलवर चालतंय का? झाले आठ प्रश्न. विचारणाऱ्याला वाटतं, सगळं एकाच फेरीत उरकेल. पण तासाभराने उत्तर येतं ते असं:

«लॅपटॉप दोन वर्षं जुना आहे. हो, बंद-चालू केला. एरर काही नाही, फक्त नेट येत नाही.»

आठ प्रश्नांना तीन उत्तरं मिळाली आणि एकाचाही उपयोग नाही. लॅपटॉपचं वय कोणी विचारलंच नव्हतं. ‘बंद-चालू केला’ म्हणजे राउटर की लॅपटॉप, ते कळत नाही. ज्या एका उत्तराने शोध निम्मा झाला असता, तो मोबाईलचा प्रश्न यादीत शेवटी होता आणि तोच राहून गेला.

असं का होतं

याचं कारण म्हणून बरेचदा माणसाच्या स्मरणशक्तीची मर्यादा सांगितली जाते. डोक्यात एका वेळी फार गोष्टी मावत नाहीत हे खरं आहे. मानसशास्त्रात १९५६ साली मांडलेला सातच्या आसपासचा आकडा पुढच्या संशोधनात चारापर्यंत खाली आला. पण इथे ते मुख्य कारण नव्हे, कारण प्रश्न लिहिलेले आहेत आणि डोळ्यांसमोरच आहेत. खरी अडचण अशी की विचारणाऱ्याला जो प्रश्न म्हणजे एक ओळ वाटते, तो समोरच्यासाठी एक वेगळं काम असतं. राउटरचं मॉडेल सांगायचं तर दुसऱ्या खोलीत जाऊन, राउटर उलटा करून, बारीक अक्षरं वाचावी लागतात. विंडोज कोणतं हे बघायचं तर आधी ते कुठे दिसतं हे शोधावं लागतं. नवीन काही टाकलं का, हे आठवावं लागतं आणि त्यात ‘म्हणजे माझीच चूक झाली का?’ ही धास्तीही असते. शिवाय हे सगळं तो मोबाईलच्या छोट्या पडद्यावर वाचतोय, कारण लॅपटॉपवर नेटच नाही.

मग तो दोनपैकी एक करतो. बसल्या जागी जमतील तेवढी उत्तरं देतो आणि बाकीचे प्रश्न सोडून देतो. नाहीतर ‘सगळी माहिती गोळा झाली की एकदमच कळवतो’ असं ठरवतो आणि गप्प बसतो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण आपल्या बाजूने ते दुर्लक्ष दिसतं आणि त्याच्या बाजूने तो अजून कामातच असतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. यादीतले बहुतेक प्रश्न पहिल्या उत्तरानंतर निरुपयोगी ठरतात. मोबाईलवरही त्याच वाय-फायने नेट येत नसेल, तर लॅपटॉपची कंपनी, विंडोजची आवृत्ती, नवं सॉफ्टवेअर हे तिन्ही प्रश्न तिथेच गळतात. ही गळती आपल्या कामात होत नाही, मदत मागणाऱ्याच्या कामात होते. त्याने उलटापालट करून शोधलेली माहिती आपण न वाचताच बाजूला ठेवतो.

पायरी १: मेसेजमध्ये आधीच काय आहे ते वेगळं काढा

मेसेज दोनदा वाचा आणि कळलेल्या गोष्टी शब्दांत मांडा. इथे चार आहेत. त्रास सकाळपासून आहे, रात्रीपर्यंत नव्हता. तक्रार लॅपटॉपची आहे. मीटिंग ३ वाजता आहे. आणि चौथी, न लिहिलेली: मेसेज आपल्यापर्यंत पोहोचला, म्हणजे त्यांच्या हातात नेट चालणारं दुसरं काहीतरी आहे, बहुतेक मोबाईल. हे चौथं निरीक्षण पुढे सगळ्यात जास्त कामाला येणार आहे.

‘लॅपटॉपवर’ या शब्दावर मात्र फार विसंबू नका. माणूस ज्या यंत्रावर काम करतो त्याचंच नाव घेतो, त्यामुळे बिघाड पूर्ण घराच्या नेटचा असला तरी तक्रार लॅपटॉपचीच येते.

पायरी २: संभाव्य कारणं कागदावर उतरवा

यादी छान दिसायला हवी असं नाही. या मेसेजसाठी ती साधारण अशी निघते:

- बाहेरून येणारी लाइन बंद आहे
- राउटर अडकला आहे
- लॅपटॉपचं वाय-फाय चुकून बंद झालं आहे
- लॅपटॉप राउटरला जोडला जातो, पण त्याला पत्ता मिळत नाही
- डीएनएस बिघडलं आहे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधला जात नाही
- व्हीपीएन किंवा प्रॉक्सी चालू राहिली आहे
- लॅपटॉपचं घड्याळ किंवा तारीख चुकली आहे, त्यामुळे सुरक्षित साइट उघडत नाहीत
- नेट चालू आहे, पण त्यांना हवी असलेली एकच साइट बंद आहे

आता आपले आठ प्रश्न या यादीशेजारी ठेवून बघा. ‘लॅपटॉप कोणत्या कंपनीचा?’ या प्रश्नाचं कुठलंही उत्तर आलं तरी यादीतली एकही ओळ खोडता येत नाही.

पायरी ३: उत्तर आधी कल्पून बघा

हीच चाळणी सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक प्रश्नासमोर त्याची शक्य उत्तरं लिहा आणि प्रत्येक उत्तरापुढे ‘मग मी काय करेन?’ ते लिहा. दोन्ही उत्तरांपुढे एकच गोष्ट लिहिली गेली तर तो प्रश्न आत्ता विचारायचा नाही. ‘विंडोज १० की ११?’ याचं उत्तर काहीही असो, पुढची पायरी तीच राहते. मग हा प्रश्न वाईट आहे का? नाही. सेटिंग बदलण्याच्या सूचना लिहायची वेळ येईल तेव्हा तो लागेल, कारण मेनू वेगळे दिसतात. त्याची वेळ अजून आलेली नाही.

या चाळणीतून सहसा दोन-तीन प्रश्न उरतात. इथे तीन उरतात: एरर काय दिसतोय, राउटरवर कोणते लाइट लागलेत आणि दुसऱ्या उपकरणावर त्याच वाय-फायने नेट येतं का.

पायरी ४: यादी निम्म्यावर कोण आणतं ते बघा

आठ कारणं सारखीच शक्य असतील आणि एकेक तपासत गेलात, तर वाईटात वाईट सात फेऱ्या लागतात. दर फेरीला यादी निम्मी करणारा प्रश्न विचारलात तर तीन फेऱ्यांत कारण सापडतं. म्हणून ‘घड्याळ बरोबर आहे का?’ हा प्रश्न सोपा असूनही पहिला नसावा. उत्तर ‘हो’ आलं, आणि बहुधा ते तसंच येईल, तर आठातलं एकच कारण गळतं.

मात्र नुसत्या ओळी मोजू नका, त्यांचं वजनही बघा. आपल्या यादीत लाइन आणि राउटर या दोनच ओळी घराच्या नेटच्या आहेत आणि लॅपटॉपच्या पाच. तरीही ‘काल चालू होतं, आज अजिबात नाही’ अशा तक्रारीत त्या दोन ओळी उरलेल्या पाचांच्या तोडीच्या आहेत. दुसऱ्या उपकरणाचा प्रश्न नेमका या दोन गटांच्या मधून जातो. आठवी ओळ, एकच साइट बंद असण्याची, मात्र दोन्हीकडे लटकते. तिची काळजी प्रश्नाच्या शब्दांत घेता येते, ते पुढे येतंच.

एररचा प्रश्न यापेक्षा कमी पडतो, कारण ‘साइटपर्यंत पोहोचता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश निम्म्याहून जास्त कारणांत सारखाच दिसतो.

पायरी ५: समोरच्याला किती कष्ट पडतील ते तोला

उरलेल्या दोन प्रश्नांपैकी राउटरच्या लाइटसाठी उठून जावं लागतं आणि कोणता लाइट कशाचा हे समजावं लागतं. मोबाईल हातातच आहे. दोन प्रश्न जवळपास सारखेच उपयोगी असतील तर जो बसल्या जागी, नवा शब्द न शिकता, अर्ध्या मिनिटात सुटतो तो निवडा.

कष्टात भीतीही धरा. ‘केबल काढून बघा’ म्हटलं की कित्येकांना काहीतरी कायमचं बिघडेल असं वाटतं. त्यापेक्षा नुसतं बघून सांगण्याचा प्रश्न आधी घ्यावा.

पायरी ६: शब्द नीट बसवा

निवडलेला प्रश्न ‘मोबाईलवर नेट चालतंय का?’ असा पाठवलात तर उत्तर ‘हो’ येईल आणि ते जवळपास नक्की फसवं असेल. वाय-फायवर नेट नसेल तर मोबाईल गुपचूप स्वतःच्या डेटावर जातो. त्यांचा मेसेजसुद्धा त्याच डेटावरून आला असावा. शिवाय आधी उघडलेलं पान ब्राउझरने साठवून ठेवलेलं असतं आणि नेट नसतानाही ते दिसू शकतं. म्हणून प्रश्न असा लिहा:

«मोबाईलचं वाय-फाय चालू ठेवून फक्त डेटा बंद करा. मग ब्राउझरमध्ये एखादी अशी साइट उघडा, जी आज उघडलेली नाही. त्यानंतर डेटा परत चालू करून मला एवढंच कळवा: उघडली, नाही उघडली, की मोबाईल वाय-फायला जोडलाच जात नाही?»

यात डेटा परत चालू करायला सांगितलंय, ते विसरू नका. नाहीतर प्रयोग नीट होईल आणि उत्तर पाठवायलाच नेट नसेल. उत्तरांचे तीन पर्याय दिलेत, कारण ‘हो/नाही’ म्हटलं की तिसरी शक्यता लपते. ‘जी आज उघडलेली नाही’ म्हटल्यामुळे माणूस आपोआप वेगळी साइट निवडतो. त्यामुळे त्याला हवी असलेली एकच साइट बंद असेल, तर तेही पुढे उलगडतं.

या मजकुराला आणखी प्रश्न जोडायचा मोह होईल. ‘आणि’, ‘तसंच’, ‘जमलं तर’ या शब्दांनंतर येणारी वाक्यं पाठवण्यापूर्वी तपासा, दुसरा प्रश्न बहुतेक तिथेच दडलेला असतो. ‘राउटर रीस्टार्ट केला का आणि लाइट लागले का?’ याला ‘हो’ उत्तर आलं तर ते कशाला, हे कोणालाच सांगता येत नाही.

‘केलं का?’ हा साचाही टाळा. ‘रीस्टार्ट केलं का?’ याला लोक ‘हो’ म्हणतात. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, पडद्यावरचं बटण दाबलं तेही त्यांच्या लेखी रीस्टार्टच असतं. त्याऐवजी कृती आणि तिचं दिसणारं फळ एकत्र विचारा: «राउटरची वायर भिंतीवरच्या सॉकेटमधून काढा, ३० सेकंद थांबा, परत लावा आणि ४ मिनिटांनी पुढच्या बाजूचा फोटो पाठवा.» फोटो आला, म्हणजे कृती झाली.

उत्तर आल्यावर पुढचा एक प्रश्न

उत्तर ‘नाही उघडली’ असेल तर लॅपटॉपच्या पाच ओळी खोडा. आता लाइन की राउटर एवढंच उरतं. पुढचा प्रश्न म्हणजे राउटरच्या पुढच्या बाजूचा फोटो, लाइटखालची अक्षरं वाचता येतील असा. फोटो ही एकच मागणी असते, पण तीत मॉडेल, चालू असलेले लाइट आणि त्यांचे रंग, असं बरंच येतं आणि सांगणाऱ्याला एकही नाव माहीत असावं लागत नाही. फायबरच्या जोडणीत एलओएस लिहिलेला लाइट लाल असेल, तर फायबरमधून प्रकाश पोहोचत नाहीये. अशा वेळी राउटर कितीदा बंद-चालू करायला लावलात तरी उपयोग नाही, तक्रार नेट देणाऱ्या कंपनीकडेच जायला हवी. तो लाल नसेल तर वर दिलेली वायर काढण्याची कृती सांगा. फोटो पुढच्याच बाजूचा मागा. मागच्या किंवा खालच्या लेबलवर बरेचदा वाय-फायचा पासवर्ड छापलेला असतो, तो आपल्याकडे येता कामा नये.

‘जोडलाच जात नाही’ आलं तर राउटर अडकल्याचा संशय वाढतो. पुढची मागणी तीच, फोटोची.

उत्तर ‘उघडली’ असेल तर लाइन आणि राउटर सुटले. आता लॅपटॉपकडे वळायचं: «लॅपटॉपवर वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केल्यावर तुमच्या नेटवर्कच्या नावाखाली काय लिहिलंय? शब्द जसेच्या तसे पाठवा.» जोडलेलंच नाही असं दिसलं तर वाय-फाय बंद असण्याचं कारण जवळजवळ हाती आलं. जोडलेलं आहे पण No internet असं काही दिसलं तर पत्ता, डीएनएस किंवा व्हीपीएन उरतात. जोडलेलं आहे आणि काहीच तक्रार नाही, तर घड्याळ, प्रॉक्सी आणि ती एकच साइट यांकडे बघा.

पत्ता की डीएनएस, हे ठरवायची वेळ आली तर कमांड प्रॉम्प्टमध्ये या दोन ओळी चालवायला सांगा आणि एकच फोटो मागा:

```
ping 8.8.8.8
ping example.com
```

पहिलीला उत्तर आलं आणि दुसरीत ते नावच सापडलं नाही, तर डीएनएस. दोन्ही गप्प राहिल्या म्हणून मात्र निष्कर्ष काढू नका, काही ठिकाणी पिंगला उत्तर द्यायचं बंद केलेलं असतं. हा प्रश्न महाग आहे. काळी खिडकी उघडून कमांड टाइप करणं कित्येकांना घाबरवतं, म्हणून तो तिसऱ्या फेरीत, पहिल्या फेरीत कधीच नाही.

घड्याळाने प्रश्न बदलतो

वरचा क्रम सकाळी ११ वाजता बरोबर आहे. हाच मेसेज पावणेतीनला आला असेल तर बरोबर प्रश्न वेगळा: «मोबाईलवर हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडा. लॅपटॉपवर साइट उघडते का?» उघडली तर मीटिंग वाचली आणि दोष राउटर-लाइनच्या बाजूला किंवा त्या वाय-फायशी असलेल्या जोडणीत आहे हेही कळलं. नाही उघडली तर लॅपटॉपच संशयित. दुसऱ्या उपकरणाच्या प्रश्नाइतकी सुबक विभागणी यात होत नाही आणि पायऱ्याही जास्त आहेत, पण उत्तर शोधता शोधताच माणसाची गरज भागते. मीटिंग लांब असेल तर त्यात डेटा भराभर संपतो, हे मात्र त्याच मेसेजमध्ये सांगा.

कधी हा नियम मोडायचा

जळका वास, धूर, सांडलेलं पाणी किंवा फुगलेली बॅटरी यांचा उल्लेख असेल तर प्रश्न विचारायचाच नाही. आधी वीज बंद करायला आणि त्या वस्तूला हात न लावता दूर राहायला सांगा.

तपासण्यापेक्षा करून बघणं स्वस्त आणि निर्धोक असेल तरीही प्रश्न नको. विमान मोड चालू असल्याचा संशय असेल तर ‘चालू आहे का?’ असं विचारून तासभर थांबण्यात अर्थ नाही. तो बंद करायची कृती सांगा आणि ‘तरीही नेट आलं नाही तर कळवा’ म्हणा.

उत्तर यायला एक-एक दिवस लागत असेल, म्हणजे ईमेलवर, तर एकच प्रश्न पाठवून बसणं महाग पडतं. तेव्हाही आठ प्रश्नांची यादी नको. पहिला प्रश्न आणि त्याच्या प्रत्येक उत्तरापुढची एकेक कृती लिहा: «साइट उघडली तर लॅपटॉपच्या वाय-फाय चिन्हाखालचे शब्द पाठवा. नाही उघडली तर राउटरच्या पुढच्या बाजूचा फोटो पाठवा.» वाचणाऱ्याला कोणत्याही परिस्थितीत दोनच कामं पडतात. याहून एक पातळी जास्त वाढवलीत तर माणूस फांद्यांमध्ये हरवतो आणि कोणत्या ‘नाही’ला हे उत्तर आहे ते आपल्याला परत विचारावं लागतं.

एका प्रश्नालाही उत्तर आलं नाही तर तोच प्रश्न पुन्हा पाठवू नका. पहिला बहुधा कठीण वाटला असतो. त्याच माहितीकडे नेणारं हलकं काम द्या, मोबाईलच्या प्रयोगाऐवजी राउटरचा फोटो मागा. आणि ‘मला नक्की कळत नाहीये’ असं उत्तर आलं तर त्याचा पाठपुरावा ‘म्हणजे नेमकं काय?’ असा करू नका. त्यांना जे दिसतंय त्या पडद्याचा फोटो मागा आणि तो बघून स्वतः ठरवा.